भेटीची विनंती आणि ई-मेलवरील ‘विषय’

कार्यालयीन पत्रात ‘विषय’ ही ओळ कोठे लिहावयाची, हे कोणाही लिपिकास सांगावे लागत नाही. प्रति, विषय, संदर्भ आणि मग महोदय, हा क्रम पिढ्यानपिढ्या हातात बसलेला आहे. ई-मेल आला तेव्हा याच क्रमातील ‘विषय’ वेगळा निघून स्वतंत्र चौकटीत गेला, आणि ही चौकट काय काम करते याचा फारसा विचार न होता जुन्या सवयीने ती भरली जाऊ लागली. इतर पत्रांच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. माहिती पाठविलेली असेल तर ती आज ना उद्या वाचली जाते. परंतु भेटीची वेळ मागणारे पत्र उशिरा वाचले गेले तर ते न वाचल्यासारखेच होय, कारण मागितलेला दिवस निघून गेलेला असतो.

कागदी पत्र आणि ई-मेल यांतील फरक येथे लक्षात घ्यावयास हवा. कागदी पत्र उघडले म्हणजे विषय आणि मजकूर एकाच वेळी डोळ्यांपुढे येतात. विषय अपुरा असला तरी नजर चार ओळी खाली जाते आणि अर्थ लागतो. ई-मेलचा विषय मात्र पत्र उघडण्यापूर्वीच, इतर पन्नास विषयांच्या रांगेत वाचला जातो. पत्र आत्ता उघडावे, सायंकाळी उघडावे की संबंधित शाखेकडे पाठवून द्यावे, हे त्या एका ओळीवरून ठरते. पुष्कळ कार्यालयांत हा निर्णय अधिकारी स्वतः घेतही नाहीत. इनबॉक्स प्रथम पाहतो तो स्वीय सहायक किंवा आवक लिपिक. त्याला पत्राची पार्श्वभूमी ठाऊक नसते. आवक नोंदवहीत तो विषय जसाच्या तसा उतरवून घेतो आणि साहेबांना तोंडी सांगताना तेवढीच ओळ सांगतो. म्हणून भेटीच्या पत्राचा विषय लिहिताना समोर ठेवावयाचा वाचक म्हणजे हा लिपिक होय.

मराठी विषयाची विशिष्ट अडचण

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. कार्यालयीन मराठीने या स्वभावावर आणखी एक थर चढविला आहे. विषयाचा प्रारंभ कार्यालयाच्या किंवा संस्थेच्या संपूर्ण नावाने व्हावा, मध्ये ‘येथील’, ‘च्या अनुषंगाने’, ‘करण्याकरिता’ असे दुवे यावेत आणि काय हवे ते सर्वांत शेवटी ‘मिळणेबाबत’ या शब्दापाशी उमगावे, अशी ही घडण आहे. कागदावर ती चालते, कारण ओळ तीन वेळा वळली तरी पूर्ण दिसते. पडद्यावर ती वळत नाही, तेथे ती तुटते. मोबाइल फोनवर विषयाची साधारण तीसेक अक्षरे, म्हणजे मराठीचे सहा-सात शब्द दिसतात आणि पुढे तीन टिंबे येतात. फोनचा आकार व अक्षराचे माप यांनुसार हे कमीअधिक होते. संगणकावर यापेक्षा बरेच अधिक दिसते. परंतु दौऱ्यावर असणारा अधिकारी बहुधा फोनवरच टपाल पाहतो. इंग्रजी विषयाचीही शेपटी तुटते. मात्र तेथे मागणी वाक्याच्या आरंभी आणण्याची सोय भाषेतच आहे. मराठीत ती जाणीवपूर्वक पुढे आणावी लागते.

समजुतीसाठी एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. गावाचे नाव येथे अमुकवाडी असे धरले आहे. अमुकवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे छप्पर गेल्या पावसाळ्यात गळले. पत्रे कुजले आहेतच, पण एका भिंतीला तडाही दिसतो. नुसते पत्रे बदलून भागेल की खोल्या धोकादायक ठरवून निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागेल, हे मुख्याध्यापक किंवा शाळा व्यवस्थापन समिती ठरवू शकत नाही. त्यासाठी बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्यांचा अभिप्राय हवा. शाळा जूनच्या मध्यास उघडणार. पत्रे बदलावयाचे तर कामास दहा-बारा दिवस लागतील, म्हणजे मे संपण्यापूर्वी निर्णय व्हावयास हवा. निर्लेखन करावयाचे तर एक्केचाळीस मुलांना बसविण्यासाठी समाजमंदिराची जागा ग्रामपंचायतीकडून आधीच मागून घ्यावी लागेल. निर्णयच न झाल्यास पहिल्या जोरदार पावसात ही मुले त्याच तडा गेलेल्या भिंतीशेजारी बसतील.

मुख्याध्यापकांनी ८ मे रोजी उपअभियंत्यांना पत्र पाठविले. विषय असा होता :

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मौजे अमुकवाडी येथील वर्गखोल्यांच्या छपराच्या दुरुस्तीच्या अनुषंगाने चर्चा करण्याकरिता भेटीची वेळ मिळणेबाबत

व्याकरणदृष्ट्या यात काही चूक नाही. कागदी पत्रावर तो कोणीही मान्य केला असता. पण यात सोळा शब्द आहेत आणि ‘भेटीची’ हा शब्द चौदावा आहे. उपअभियंत्यांच्या फोनवर दिसले ते एवढेच :

जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, मौजे अमुकवाडी येथील…

ज्या कार्यालयाकडे तालुक्यातील सर्व शाळांची बांधकामे आहेत, तेथे या आरंभाची कितीतरी पत्रे येतात. मोजमाप पुस्तिका, देयके, वीजजोडणी, स्वच्छतागृहे अशी सर्वांची सुरुवात ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ या चार शब्दांनी होते. त्या रांगेत हे पत्र हरवले, यात नवल नाही.

उत्तर न आल्याने १४ मे रोजी स्मरणपत्र गेले. ते मूळ पत्राला जोडूनच पाठविल्यामुळे विषय तोच राहिला. फक्त त्यापुढे Re: ही अक्षरे आली आणि तेवढी जागा आणखी घटली. १९ मे रोजी तिसरे पत्र नव्याने लिहिले गेले. त्याचा विषय होता ‘अतितातडीचे : भेटीबाबत’. ही ओळ आखूड आहे आणि फोनवर पूर्ण दिसते. तरीही तिचा उपयोग झाला नाही. कोणाची भेट, कशासाठी, कधीपर्यंत, यांतील एकही गोष्ट तीत नाही. ‘अतितातडीचे’ हा शब्द तर पाठविणाराची घाई सांगतो, कामाची मुदत सांगत नाही. आणि तो इतक्या पत्रांवर लागतो की लिपिकाची नजर त्यावर थबकत नाही. लांबलचक विषयाइतकाच हा आखूड विषयही निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. केवळ शब्द कमी करणे हा येथे उपाय नव्हे.

विषय नव्याने कसा बांधला

भेटीच्या पत्राचा निर्णय घेणाऱ्यास चार गोष्टी लागतात. प्रकरण कोणते, हवे काय, कधीपर्यंत हवे आणि किती वेळ द्यावा लागेल. पाचवी गोष्ट म्हणजे भेटीत कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे. ही पाचवी बहुधा वगळली जाते, आणि उत्तराचा वेग सर्वांत अधिक तिच्यावरच अवलंबून असतो. ‘चर्चा करण्याकरिता’ असे वाचल्यावर भेट किती लांबेल, आधी कोणती संचिका मागवावी, स्वतः जावे की शाखा अभियंत्यास पाठवावे, यांतील काहीच अधिकाऱ्यास ठरविता येत नाही. जे ठरविता येत नाही ते बाजूला राहते.

मुख्याध्यापकांनी २१ मे रोजी विषय पुढीलप्रमाणे लिहिला :

अमुकवाडी शाळा छप्पर : भेटीची विनंती, २९ मेपर्यंत, १५ मिनिटे – पत्रे की निर्लेखन

यात बारा शब्द आहेत. फोनवर पहिले सात दिसले : ‘अमुकवाडी शाळा छप्पर : भेटीची विनंती, २९ मेपर्यंत’. प्रकरण, मागणी आणि मुदत तुटण्याच्या आत आली. उरलेला भाग तुटला तरी अर्थ अडत नाही, आणि संगणकावर तो पूर्ण दिसतोच.

प्रत्येक तुकड्यामागे कारण आहे. गावाचे नाव प्रथम घेतले, कारण याच नावाने लिपिक संचिका शोधतो. ‘जिल्हा परिषद प्राथमिक’ हे शब्द गाळले, कारण जिल्हा परिषदेच्याच बांधकाम उपविभागाला ते सांगण्याची गरज नव्हती. ज्या गावात एकाहून अधिक शाळा आहेत तेथे मात्र शाळेचे वेगळेपण दाखविणारा शब्द ठेवावाच लागेल. ‘भेटीची विनंती’ हे दोन शब्द मुद्दाम ठेवले आहेत. नुसते ‘भेट’ लिहिले असते तर भेट ठरली आहे की ठरवावयाची आहे, याचा उलगडा झाला नसता. ठरलेल्या बैठकीची सूचना आणि बैठकीसाठी वेळ मागणारे पत्र यांचे विषय सारखे दिसले, तर सूचना समजून विनंती नोंदवून ठेवली जाते व उत्तर देण्याचे कोणाला सुचत नाही. याच कारणासाठी पंचायतीच्या पत्रांत ‘सभा’ हा शब्द जपून वापरावा. ग्रामसभेची वा मासिक सभेची नोटीस हा वेगळा कागद असतो, आणि दोघातिघांच्या भेटीला ‘सभा’ म्हटले की वाचणाराची तीच समजूत होते.

‘२९ मेपर्यंत’ आणि ‘२९ मेपूर्वी’ यांत एका दिवसाचे अंतर आहे. ‘पर्यंत’मध्ये २९ तारीख धरली जाते, ‘पूर्वी’मध्ये ती वगळली जाते. बोलताना हा भेद पाळला जातोच असे नाही, पण पत्रात एक शब्द चुकल्याने अधिकारी २९ तारखेची वेळ देतात आणि मागणाऱ्याच्या दृष्टीने ती उशिराची ठरते. महिना अंकाने न लिहिता नावाने लिहिलेला बरा. मजकुरात तारखेबरोबर वारही द्यावा. वार आणि तारीख जुळली नाही की चूक तेथल्या तेथे पकडली जाते.

मुदत विषयात घातली तर ती खरी असली पाहिजे. येथे २९ मे ही तारीख कामाचे दहा-बारा दिवस आणि शाळा उघडण्याचा दिवस यांवरून मोजून काढलेली होती, आणि ते कारण पत्राच्या दुसऱ्या वाक्यात दिलेही होते. उत्तर लवकर यावे म्हणून मनाने घातलेली मुदत एकदा उघडी पडली, की त्या कार्यालयाच्या पुढील मुदतींकडे कोणी लक्ष देत नाही.

वरिष्ठांना लिहिताना असा विषय उद्धट वाटेल, अशी शंका काहींना येते. ती निराधार आहे. जुन्या पत्रातही ‘विषय’ या ओळीत कोणी महोदय म्हणत नसे किंवा आदरार्थी वाक्य लिहीत नसे. आदराची जागा मजकुरात होती आणि आजही ती तेथेच आहे.

विषयाखालची पहिली ओळ

ई-मेलच्या बहुतेक व्यवस्थांत विषयाच्या शेजारी किंवा खाली मजकुराचे पहिले काही शब्द फिकट अक्षरांत दिसतात. कार्यालयीन पत्राचा आरंभ ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की’ असा झाला, तर ही जागा पूर्णपणे वाया जाते. मुख्याध्यापकांचे पत्र असे होते :

“महोदय, मंगळवार, २६ मे, सकाळी ११ किंवा शुक्रवार, २९ मे, दुपारी ३, यांपैकी कोणतीही वेळ सोयीची असल्यास कळवावे, ही विनंती. पत्रे बदलावयाचे ठरल्यास शाळा उघडण्यापूर्वी काम संपण्यासाठी ३० मेपासून सुरुवात करावी लागेल. पूर्व बाजूच्या भिंतीला तडा असून त्याची तीन छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पत्रे बदलावेत की निर्लेखनाचा प्रस्ताव सादर करावा, एवढ्याच प्रश्नावर मार्गदर्शन हवे आहे.”

दोन वेळा दिल्यामुळे उत्तर एका शब्दाचे होऊ शकते. ‘आपल्या सोयीनुसार वेळ द्यावी’ हे वाक्य नम्र वाटते, पण त्याने सगळे काम समोरच्यावर पडते. त्याला दैनंदिनी काढून पाहावी लागते, आणि ती हाताशी नसली तर उत्तर पुढे ढकलले जाते.

दुसऱ्या दिवशी उपविभागातून उत्तर आले. २६ मे, सकाळी ११ ही वेळ मान्य होती. मात्र कार्यालयात येण्याऐवजी उपअभियंते शाखा अभियंत्यासह शाळेवरच येणार होते, कारण तडा गेलेली भिंत पाहिल्याशिवाय ‘पत्रे की निर्लेखन’ याचे उत्तर देता आले नसते. आधीच्या तिन्ही पत्रांच्या विषयांत भिंतीचा वा निर्णयाचा उल्लेखच नसल्याने असे काही सुचणे शक्य नव्हते.

सगळा दोष विषयाच्या ओळीवर टाकणेही योग्य होणार नाही. अधिकारी रजेवर असतील, पत्ता बदलला असेल किंवा पत्र नको असलेल्या टपालात जाऊन पडले असेल, तर उत्तम विषयही काही करू शकत नाही. दोन दिवसांत उत्तर न आल्यास चौथे पत्र पाठविण्यापूर्वी कार्यालयात दूरध्वनी करावा आणि लिपिकास विचारावे, ‘अमुकवाडी छप्पर या विषयाचे पत्र दिसते का?’ पत्र चटकन सापडले आणि तरी उत्तर नाही, तर अडचण वेळेची किंवा अधिकाराची आहे. सापडलेच नाही, तर ती पत्त्याची आहे. आणि बरेच शोधल्यावर सापडले, तर मात्र ती विषयाची आहे.

पाठविण्यापूर्वी घेता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. मजकूर न दाखविता केवळ विषय एखाद्या सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवावा आणि पत्र कोणी पाठविले असेल, त्याला काय हवे आहे व कधीपर्यंत, असे विचारावे. तिन्हींची उत्तरे न अडखळता आली नाहीत तर ओळ पुन्हा लिहावी.

फाँटची अडचण

मराठी विषयाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो आणि पाठविणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अनेक कार्यालयांतील जुने मसुदे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेले आहेत. अशा फाँटमध्ये संगणकात साठविलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमनच असतात. फाँट त्यांना देवनागरी रूप देतो, इतकेच. ई-मेलच्या विषयाच्या चौकटीत फाँट सोबत जात नाही. त्यामुळे कृतिदेवमध्ये टंकलेला ‘भेट’ हा शब्द तेथे चिकटविला की HksV असा उमटतो, आणि संपूर्ण विषय निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन जातो. मजकूर जोडपत्रात असल्यास तो बरोबर दिसेलही, परंतु विषय पाहूनच लिपिकाने ते पत्र संशयास्पद समजून बाजूला सारलेले असते. म्हणून विषयाची ओळ जुन्या मसुद्यातून उचलू नये, चौकटीतच युनिकोडमध्ये टंकावी, आणि पाठविल्यावर ‘पाठविलेले’ या कप्प्यात जाऊन ती एकदा डोळ्यांखालून घालावी.

भेटीची तारीख बदलते तेव्हा

भेट ठरल्यानंतर त्याच पत्राला उत्तरे जोडली जात राहतात आणि मूळ विषय तसाच पुढे चालतो. वेळ बदलली की हा विषय खोटा होतो. मुख्याध्यापकांना २५ मे रोजी कळविण्यात आले की, उपअभियंत्यांना दुसऱ्या दिवशी जिल्हा मुख्यालयात बैठकीस जावे लागणार असून ते गुरुवारी, २८ मे रोजी येऊ शकतील. हे पत्रव्यवहारात मजकुरापुरतेच राहिले असते, तर समितीचे सदस्य आणि सरपंच यांनी विषयातील जुनी मुदत व आधी कळविलेली २६ तारीख यांवर विसंबून चुकीच्या दिवशी शाळा गाठली असती. मुख्याध्यापकांनी सर्वांना नवे पत्र पाठविले. जीमेलसारख्या व्यवस्थेत विषय बदलला की पत्र जुन्या मालिकेतून सुटून वेगळे दिसते. त्यामुळे जुना धागा हरवू नये म्हणून मजकुराच्या पहिल्याच ओळीत ‘संदर्भ : दि. २१ मे रोजीचे पत्र, विषय अमुकवाडी शाळा छप्पर’ असे लिहिले. कार्यालयीन पत्रातील ‘संदर्भ’ हा जुना रकाना येथे उपयोगी पडला. विषयाचे पहिले तीन शब्दही बदलले नाहीत, म्हणजे शोध घेतल्यास दोन्ही पत्रे एकत्र सापडतील. नवा विषय होता :

अमुकवाडी शाळा छप्पर : भेट आता २८ मे, सकाळी ११, शाळेवर (२६ मेची रद्द)

येथे ‘विनंती’ हा शब्द नाही, कारण आता विनंती राहिलेली नसून सूचना झाली आहे. रद्द झालेली तारीख कंसात ठेवली आहे ती, ज्यांनी २६ तारीख आधीच वहीत टिपली होती, त्यांनी ती खोडावी म्हणून.